‘च्या उद्देशाने’, ‘या वस्तुस्थितीमुळे’: भाषांतरातला हा फापटपसारा छाटायचा कसा?

वर्षा_डी

घरगुती पाणी शुद्ध करायच्या यंत्राची माहितीपुस्तिका तपासायला आली आहे. चाळीस पानं, इंग्रजीवरून मराठी. मूळ इंग्रजीत ‘इन ऑर्डर टू’ आणि ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’ यांचा सुळसुळाट आहे. भाषांतर करणाऱ्याने इमानेइतबारे पहिल्याचं ‘च्या उद्देशाने’ आणि दुसऱ्याचं ‘या वस्तुस्थितीमुळे’ केलं आहे, प्रत्येक वेळी. नमुने बघा:

१. फिल्टर स्वच्छ करण्याच्या उद्देशाने प्रथम नळ बंद करण्यात यावा.

२. पाण्याचा दाब कमी आहे या वस्तुस्थितीमुळे यंत्र बंद पडू शकते.

३. यंत्राच्या वापराच्या संदर्भात काही शंका असल्यास ग्राहक सेवा केंद्राच्या माध्यमातून संपर्क साधण्यात यावा.

व्याकरणाची चूक एकही नाही, पण वाचवत नाही. माझे प्रश्न दोन. यातलं किती काम फाइंड-रिप्लेसने उरकता येईल? आणि कुठे हात लावू नये?

खडूफळा

सोप्पं आहे. ‘च्या उद्देशाने’, ‘च्या हेतूने’, ‘च्या दृष्टीने’ दिसलं की ‘साठी’ करा. ‘च्या कारणास्तव’ आणि ‘वस्तुस्थितीमुळे’ दिसलं की ‘मुळे’ करा. ‘करण्यात यावा’ सगळीकडे ‘करा’. आणि ‘जेणेकरून’ दिसला तर तो सरसकट उडवा, तो मराठी शब्दच नव्हे, ‘सो दॅट’चं भूत आहे. एका दुपारचं काम.

मिरजेचा_मुशो

खडूफळा, अर्धं बरोबर आहे. तेवढं आधी सांगतो, मग कुठे घसरेल ते.

मराठीत हे काम बऱ्यापैकी यांत्रिक पद्धतीने होतं, कारण ‘च्या’च्या आधीचं सामान्यरूप आणि ‘मुळे’, ‘साठी’, ‘बद्दल’ यांच्या आधीचं सामान्यरूप एकच असतं. ‘पाण्याच्या कारणास्तव’मधलं ‘च्या कारणास्तव’ उचललं की ‘पाण्या’ उरतं, त्याला ‘मुळे’ चिकटवा, ‘पाण्यामुळे’ तयार. ‘वापराच्या संदर्भात’चं ‘वापराबद्दल’, ‘ग्राहकांच्या बाबतीत’चं ‘ग्राहकांबाबत’, ‘करण्याच्या उद्देशाने’चं ‘करण्यासाठी’. मधली मोकळी जागा मात्र शोधायच्या शब्दांत धरायला विसरू नका, नाहीतर ‘पाण्या मुळे’ असं तुटकं काहीतरी राहतं.

आता घसरण. ‘तुमच्या’ आणि ‘आमच्या’ यांच्या पोटातही ‘च्या’ आहे. ‘तुमच्या संदर्भात’वर हा नियम चालवला की ‘तुमबद्दल’ होतं. हे निदान डोळ्यांना खुपतं तरी. ‘घरच्या कारणास्तव’चं ‘घरमुळे’ होतं, तेही सापडतं. खरा दगाबाज ‘त्याच्या कारणास्तव’. त्याचं होतं ‘त्यामुळे’. शब्द शुद्ध, वाक्य शुद्ध, शुद्धलेखन तपासनीस गप्प, आणि अर्थ ‘त्याच्यापायी’वरून ‘म्हणून’वर गेलेला. चाळीस पानांत असं एक जरी निसटलं तरी छापल्यावरच कळेल.

म्हणून ‘रिप्लेस ऑल’ नाही. लिबर ऑफिसमध्ये Ctrl+H उघडा, Regular expressions वर खूण करा, आणि हे शोधा:

```
च्या (उद्देशाने|हेतूने|कारणास्तव|संदर्भात|बाबतीत|माध्यमातून|दृष्टीने|अनुषंगाने)
```

Find All दाबलं की सगळी ठिकाणं एकदम निवडली जातात. त्यांना पिवळा रंग देऊन टाका आणि मग पान पान बघत जा. चाळीस पानांना वेळ लागेल, पण एका दुपारीच होईल. खडूफळांची दुपार खरी ठरेल, फक्त रीत वेगळी.

वर्षा_डी

सामान्यरूपाचं हे डोक्यात आलंच नव्हतं, आभार. पण ‘वस्तुस्थितीमुळे’चं काय? तिथे ‘च्या’ नाही, अख्खं वाक्य आहे.

मिरजेचा_मुशो

तिथे क्रियापद वळवायचं. ‘आहे या वस्तुस्थितीमुळे’चं ‘असल्यामुळे’, ‘नाही या वस्तुस्थितीमुळे’चं ‘नसल्यामुळे’. हे दोन बदल वाटतात त्यापेक्षा लांब पोचतात, कारण ‘बदलला आहे’, ‘पडत आहे’, ‘येणार आहे’ या सगळ्यांच्या शेवटी ‘आहे’च असतं. ‘बदलला असल्यामुळे’ थोडं अवघडलेलं वाटेल, ते हाताने ‘बदलल्यामुळे’ करा. जिथे ‘या वस्तुस्थितीमुळे की…’ असं लिहून कारण पुढे टांगलं असेल तिथे वाक्यच उलटं करावं लागतं. इंग्रजी कारण मागून आणतं, आपल्याकडे ते आधी येतं.

पण तुमचं दुसरं वाक्य पुन्हा वाचा. ‘पाण्याचा दाब कमी असल्यामुळे यंत्र बंद पडू शकते.’ छाटलं, छान झालं, आणि चुकलं. यात दाब आत्ता कमी आहे असा दावा होतो. पुस्तिका लिहिणाऱ्याला वाचकाच्या घरचा दाब कुठून माहीत असणार? त्याला म्हणायचंय, ‘पाण्याचा दाब कमी असेल तर यंत्र बंद पडू शकते.’ ती वस्तुस्थिती नव्हतीच, ती अट होती. ‘शकते’ दिसलं की थांबून बघा. कारणाच्या वेशात बहुतेक वेळा ‘तर’ लपलेला असतो.

पहिल्या वाक्याचीही तीच गत. ‘फिल्टर स्वच्छ करण्यासाठी प्रथम नळ बंद करा.’ नळ बंद केल्याने फिल्टर स्वच्छ होत नाही. तिथे हेतू नाही, क्रम आहे. ‘फिल्टर धुण्याआधी नळ बंद करा.’ संपलं. ‘प्रथम’सुद्धा गेला, कारण ‘आधी’त तो आलाच.

कोकणकडा

ऑफिसच्या इंग्रजी ईमेलबद्दल चाललंय ना? आमच्याकडे साहेबांनी फतवा काढलाय की ‘इन ऑर्डर टू’ कुठेही दिसता कामा नये, नुसतं ‘टू’ लिहा. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट’च्या जागी ‘ड्यू टू’ लिहायला सांगितलंय. हे बरोबर आहे का? इंग्रजी माध्यमवाल्यांनी सांगा.

तांत्रिक_लेखणी

कोकणकडा, धागा मराठी मजकुराचा आहे, पण उत्तर देते, कारण मूळ रोग तिकडचाच आहे.

साहेबांचा पहिला नियम बहुतेक ठिकाणी चालतो. अमेरिकेच्या सिक्युरिटीज अँड एक्स्चेंज कमिशनने १९९८ साली कंपन्यांच्या कागदपत्रांसाठी सोप्या इंग्रजीची मार्गदर्शिका काढली, तिच्यातल्या फालतू शब्दांच्या तक्त्यात ‘इन ऑर्डर टू’समोर ‘टू’च दिलंय. फक्त जिथे आधीचं नाम ‘टू’ला ओढून घेतं तिथे जपायचं. ‘वी नीड अ प्लॅन टू कट कॉस्ट्स’ म्हणजे खर्च कमी करायची योजना हवी आहे. ‘वी नीड अ प्लॅन इन ऑर्डर टू कट कॉस्ट्स’ म्हणजे खर्च कमी व्हावा म्हणून कसली तरी योजना हवी आहे. प्लॅन, परमिशन, अटेम्प्ट, राइट असले शब्द आधी असतील तर दोन शब्द जास्त राहू द्यावेत.

दुसरा नियम साफ चूक. ‘ड्यू टू’च्या मागे नाम लागतं. ‘ड्यू टू द फॅक्ट दॅट द पंप फेल्ड’मधून मधले तीन शब्द काढले तर ‘ड्यू टू द पंप फेल्ड’ उरतं, ते वाक्यच नाही. तिथे ‘बिकॉज’. किंवा मग ‘ड्यू टू पंप फेल्युअर’, म्हणजे क्रियापदाचं नाम करा, पण त्यात पुन्हा वाक्य जड होतं.

गंमत म्हणजे मराठीत हेच ‘मुळे’च्या बाबतीत आहे. ‘पंप बंद पडला मुळे’ म्हणता येत नाही, ‘पडल्यामुळे’ करावं लागतं.

सचिव_बी_विंग

चांगला विषय. आमच्या सोसायटीची नोटीस देतो. मीच लिहिली आहे, आणि कोणी वाचत नाही ही कायमची तक्रार आहे. छाटून दाखवा.

‘सर्व सभासदांना या नोटिशीच्या माध्यमातून कळविण्यात येते की, इमारतीच्या गच्चीवरील पाण्याच्या टाकीमध्ये गळती होत असल्याच्या कारणास्तव सदर टाकीच्या दुरुस्तीचे काम हाती घेण्याच्या उद्देशाने शनिवार दिनांक १४ रोजी सकाळी १० वाजल्यापासून ते दुपारी ४ वाजेपर्यंतच्या कालावधीदरम्यान पाणीपुरवठा बंद ठेवण्यात येणार आहे. तरी सर्व सभासदांनी सदर बाबीची नोंद घेऊन आवश्यक तेवढा पाण्याचा साठा करून ठेवण्याच्या दृष्टीने योग्य ती कार्यवाही करावी.’

खडूफळा

‘वाजल्यापासून ते वाजेपर्यंतच्या कालावधीदरम्यान’! सचिवसाहेब, दंडवत. ‘पासून’, ‘ते’, ‘पर्यंत’, ‘कालावधी’ आणि ‘दरम्यान’, एकाच कामाला पाच मजूर.

मिरजेचा_मुशो

५८ शब्द आहेत. चला, हातासरशी करू.

पहिल्या फेरीत फक्त वरचा यांत्रिक नियम. ‘असल्याच्या कारणास्तव’चं ‘असल्यामुळे’, ‘हाती घेण्याच्या उद्देशाने’चं ‘हाती घेण्यासाठी’, ‘ठेवण्याच्या दृष्टीने’चं ‘ठेवण्यासाठी’. चौथं ठिकाण ‘नोटिशीच्या माध्यमातून’. त्याचं ‘नोटिशीद्वारे’ करता येईल, पण त्या भानगडीत पडू नका. नोटीस लावली आहे हे वाचणाऱ्याला दिसतंय, कळवताय हेही दिसतंय. ‘सर्व’पासून ‘की’पर्यंत आठही शब्द काढा.

दुसऱ्या फेरीत फुगलेली क्रियापदं. ‘गळती होत असल्यामुळे’ म्हणजे ‘गळते म्हणून’. ‘दुरुस्तीचे काम हाती घेण्यासाठी’ म्हणजे ‘दुरुस्तीसाठी’. ‘साठा करून ठेवण्यासाठी योग्य ती कार्यवाही करावी’ म्हणजे ‘भरून ठेवा’. नोटिशी इथेच लांबतात. साधं क्रियापद घ्यायचं, त्याचं नाम करायचं, आणि मग त्या नामाला चालतं करायला ‘करणे’, ‘होणे’, ‘घेणे’ जोडायचं. गळणे, गळती, गळती होणे.

तिसऱ्या फेरीत क्रम. नोटिशीसमोर माणूस लिफ्टची वाट बघत उभा असतो. त्याला कधी आणि काय एवढंच हवंय, का ते नंतर. तुमच्या नोटिशीत ‘पाणीपुरवठा’ हा शब्द छत्तिसावा आहे. तोवर लिफ्ट आली.

‘शनिवारी, १४ तारखेला सकाळी १० ते दुपारी ४ पाणी बंद राहील. गच्चीवरची टाकी गळते, तिची दुरुस्ती आहे. पाणी आदल्या रात्री भरून ठेवा.’

२२ शब्द.

तांत्रिक_लेखणी

मुशो, तीन हरकती.

‘आदल्या रात्री’ मूळ नोटिशीत नव्हतं. ते तुम्ही घातलंत. सल्ला चांगला असेल, पण छाटायला बसलेल्या माणसाने भर घालायची नसते, विचारायचं असतं. पाणी सकाळी सहाला येत असेल तर लोक शनिवारीच भरतील.

दुसरी, महिना. मूळ नोटिशीतही नाही हे खरं, पण ५८ शब्दांच्या गर्दीत ते लपलं होतं, आता उघडं पडलंय. आमच्याकडे फलकावर तीन महिन्यांपूर्वीच्या नोटिशी लटकत असतात, सगळीकडे तसंच असेल.

तिसरी, ‘पाणी’ म्हणजे कुठलं? गच्चीवर पिण्याची आणि फ्लशची अशा दोन टाक्या असतील तर एकच बंद राहणार. ‘पाणीपुरवठा’ या भारदस्त शब्दाखाली हा प्रश्न झाकला गेला होता.

सचिव_बी_विंग

टाक्या दोन आहेत. गळतेय ती फ्लशची. पिण्याचं पाणी चालूच राहणार आहे. हे नोटिशीत लिहायचं राहिलं, आता लक्षात आलं. मग भरून तरी काय ठेवायचं? बाथरूममध्ये दोन बादल्या.

आणि ‘भरून ठेवा’ नको. आमच्या विंगमध्ये निम्मे निवृत्त लोक आहेत. ‘ठेवा’ लिहिलं तर दुसऱ्या दिवशी सचिव हुकूम सोडतो अशी तक्रार येईल. ‘ठेवावे’ हवं.

मिरजेचा_मुशो

आदल्या रात्रीची हरकत मान्य, तो माझा आगाऊपणा. ‘ठेवावे’लाही ना नाही. एकाला एक शब्द, लांबी वाढत नाही, अदब राहते. ‘ठेवण्याची कृपा करावी’वर गेलात की पुन्हा वाढेल. मग अशी करा, महिना तुम्ही भरा:

‘शनिवारी, १४ … रोजी सकाळी १० ते दुपारी ४ फ्लशचे पाणी बंद राहील. पिण्याचे पाणी चालू असेल. फ्लशची टाकी गळते, तिची दुरुस्ती आहे. बाथरूममध्ये दोन बादल्या भरून ठेवाव्यात.’

शब्द वाढले, वाढू देत. हे वाढलेले शब्द कामाचे आहेत.

खडूफळा

म्हणजे ‘करण्यात यावा’चं सगळीकडे ‘करा’ हा माझा नियम बाद?

तांत्रिक_लेखणी

बाद नाही, पुस्तिकेत लागू आहे. यंत्रासमोर एकच माणूस उभा असतो, त्याला ‘नळ बंद करा’ सांगायला काहीच हरकत नाही. ‘नळ बंद करण्यात यावा’ म्हटलं की त्याला वाटतं, कोणीतरी येऊन बंद करणार आहे. काही घरांत खरंच तसं समजून वाट बघत बसतात, कारण पुढच्याच पानावर ‘फिल्टर बदलण्यात यावा’ हे काम कंपनीच्या माणसाचं असतं. वर्षा, ‘ण्यात यावा’ जिथे जिथे आहे तिथे समासात लिहा, हे कोण करणार, ग्राहक की तंत्रज्ञ? ग्राहक असेल तर ‘करा’. तंत्रज्ञ असेल तर ‘तंत्रज्ञाकडून करून घ्या’. हे ठरवल्याशिवाय छाटता येत नाही, आणि फाइंड-रिप्लेसला ते ठरवता येत नाही.

टेबलक्र४

सगळे ‘ण्यात येत आहे’च्या मागे लागलेत म्हणून लिहितो. शासन निर्णयात ‘मान्यता देण्यात येत आहे’ हे वाक्य फुगवटा म्हणून येत नाही. त्याच वाक्याने मान्यता मिळते. वरची प्रस्तावना कितीही कापा, ते वाक्य हललं की लेखापाल बिल परत पाठवतो. महाराष्ट्र राजभाषा अधिनियम १९६४चा. तेव्हापासून इतक्या फायली या वळणात बसल्या आहेत की बदलायचं तर सगळ्यांनी एकदम बदलायला हवं. एका टेबलाने बदलून चालत नाही.

तसंच फिर्यादीत ‘फसवण्याच्या उद्देशाने’. त्याचं ‘फसवण्यासाठी’ करू नका. तिथे उद्देश हीच सिद्ध करायची गोष्ट असते, वकील त्या एका शब्दावर तासभर बोलतो.

मिरजेचा_मुशो

टेबलक्र४, फिर्यादीचं शंभर टक्के मान्य. जिथे ‘उद्देश’ हा शब्द स्वतः काही सांगतो तिथे तो भरताड नाहीच. ‘दृष्टीने’चंही तसंच. ‘करण्याच्या दृष्टीने’, ‘वाढवण्याच्या दृष्टीने’ असं क्रियापदावरून आलेलं रूप आधी असेल तर खुशाल ‘साठी’ करा. नुसतं नाम असेल तर वाचून बघा. ‘कायद्याच्या दृष्टीने तो अज्ञान आहे’, म्हणजे अल्पवयीन आहे, याचं ‘कायद्यासाठी तो अज्ञान आहे’ केलं तर त्या पोराने कायद्याकरता शिकायचं सोडलं असं वाटेल.

शासन निर्णयाचं मात्र पटत नाही. ‘शासन मान्यता देत आहे’ यानेही मान्यता मिळतेच, शिवाय कोण देतंय ते दिसतं.

टेबलक्र४

दिसतं हीच अडचण आहे, साहेब. मसुद्यावर पाच सह्या असतात. असो. यावर आपलं जमणार नाही.

कोकणकडा

प्रतिसाद काढून टाकला आहे.

खडूफळा

माझा ‘जेणेकरून’ राहिलाच. निदान तो तरी मारू द्या.

मिरजेचा_मुशो

शब्द मराठीच आहे, त्याचा गुन्हा नाही. गुन्हा जागेचा आहे. ‘टाकीचे झाकण लावा, जेणेकरून डास होणार नाहीत’ हे इंग्रजी क्रमाने लिहिलंय. ‘डास होऊ नयेत म्हणून टाकीचे झाकण लावा’ हे सरळ. ‘होणार नाहीत’चं ‘होऊ नयेत’ झालं तेही बघा, हेतू असेल तर मराठीत ‘नये’ आपोआप येतं.

पण हेतूच लांबलचक असेल तर तो आधी घातल्यावर वाचकाला क्रियापदापर्यंत श्वास रोखून बसावं लागतं. ‘गाळणीत अडकलेली माती पुन्हा पाण्यात मिसळून पुढच्या नळीत जाऊ नये म्हणून झडप हळू उघडा.’ हात झडपेवर असलेल्या माणसाला झडप हा शब्द फार उशिरा भेटला, ‘हळू’ त्याहूनही उशिरा. इथे मी दोन वाक्यं करीन: ‘झडप हळू उघडा. जोरात उघडल्यास अडकलेली माती पुढच्या नळीत जाते.’ ‘जेणेकरून’ गेला आणि ‘म्हणून’ही गेला.

तांत्रिक_लेखणी

इथे मी खडूफळांच्या विरुद्ध आणि थोडी मुशोंच्याही. दोन वाक्यं केली की दुसरं वाक्य लोक सोडून देतात, विशेषतः क्रमांक दिलेल्या पायऱ्यांत. एका पायरीत एकच वाक्य बसत असेल तर ‘झडप हळू उघडा, जेणेकरून माती पुढे जाणार नाही’ मला चालतं. कृती आधी, कारण लगेच. कानाला इंग्रजी वाटेल, पण हात चुकत नाही.

मिरजेचा_मुशो

कानाला वाटतं तेच तर दुखणं आहे. पण ठीक, तुमच्या पायऱ्या तुमच्या.

वर्षा_डी

पंधरा पानं झाली. हिशोब देते. पिवळी ठिकाणं ६३ निघाली. त्यातली ४१ मुशोंच्या नियमाने जशीच्या तशी बदलली. सोळा ठिकाणी वाक्य नव्याने लिहावं लागलं, त्यात नऊ वेळा कारणाच्या जागी ‘तर’ निघाला. सहा तशीच ठेवली, ती सगळी वॉरंटीच्या पानावरची, कारण तिथे ‘व्यावसायिक वापराच्या उद्देशाने खरेदी केल्यास’ असं आहे आणि ते टेबलक्र४ म्हणाले तसं उद्देशावरच अडतं.

‘त्याच्या कारणास्तव’ खरंच सापडलं, पान १२: ‘फिल्टर जुना झाल्यास त्याच्या कारणास्तव पाण्याला वास येतो.’ नियम चालवला असता तर ‘फिल्टर जुना झाल्यास त्यामुळे पाण्याला वास येतो’ झालं असतं. मी ‘फिल्टर जुना झाला की पाण्याला वास येतो’ केलंय.

तिसऱ्या नमुन्यावर अडले होते. ‘केंद्राच्या माध्यमातून संपर्क’चं ‘केंद्राद्वारे संपर्क’ केलं आणि मग लक्षात आलं, केंद्राद्वारे कोणाशी? संपर्क केंद्राशीच करायचाय. आता ‘वापराबद्दल शंका असल्यास ग्राहक सेवा केंद्राला फोन करा’ आहे. तेराचे आठ शब्द.

एक नवीन अडचण. इंग्रजी आणि मराठी पानं समोरासमोर छापायची आहेत, आणि मराठी आता इतकी आटली आहे की मांडणी करणारा विचारतोय, खाली उरलेल्या जागेत काय टाकू?

सचिव_बी_विंग

अक्षर मोठं करायला सांगा. आमच्या विंगमधले निवृत्त लोक दुवा देतील.

तांत्रिक_लेखणी

खरंच तेच करा, पण आधी इंग्रजी पानाच्या आकड्यांशी मराठी पायऱ्यांचे आकडे जुळतात का बघा. दोन पायऱ्या एकत्र करून छाटल्या असतील तर चित्रातला ‘५’ आता मराठीत ‘४’ झालेला असतो.

वर्षा_डी

बघते. पान ९ वर तसं केलंय बहुतेक.